गोठवलेला वारा

पाडव्यासाठी दहा सेकंदांची एक चित्रफीत करत होतो. अंगणात उभी गुढी, वाऱ्यावर हलणारं रेशमी वस्त्र आणि वरून अलगद पडणाऱ्या झेंडूच्या पाकळ्या, एवढंच दृश्य. रात्री रेंडर लावून झोपलो. सकाळी पाहिलं तर पहिली सहा सेकंदं सुरेख होती. मग वस्त्र हवेत जिथल्या तिथे थांबलं, कडा अर्धवट उचललेली, घडी अर्धवट उलगडलेली. पाकळ्या मात्र त्या थिजलेल्या वस्त्रासमोरून शेवटपर्यंत पडत राहिल्या.

कारण एका आकड्यात होतं. ब्लेंडरमध्ये कापडाची आणि कणांची हालचाल वेगवेगळ्या नोंदवह्यांत साठवली जाते आणि प्रत्येक वहीला स्वतःची शेवटची फ्रेम असते. हा आकडा आपोआप 250 असतो. पाकळ्यांच्या वहीत मी तो बदलून 340 केला होता, वस्त्राच्या वहीत तो तसाच राहिला होता. या वहीलाच तिथे कॅशे म्हणतात आणि ती पक्क्या शाईत लिहून कुलूपबंद करणं म्हणजे बेक करणं. कापड आणि कण यांचं काम शिकणाऱ्याला आधी कापडाचं गणित कळावं असं वाटतं. माझ्या मते त्याने आधी ही वही समजून घ्यावी.

मधली फ्रेम मधूनच मिळत नाही

साध्या ॲनिमेशनमध्ये चेंडू पहिल्या फ्रेमला डावीकडे आणि शंभराव्या फ्रेमला उजवीकडे आहे एवढं सांगितलं, की पन्नासाव्या फ्रेमला तो कुठे असेल हे संगणक थेट काढतो. आधीच्या एकोणपन्नास फ्रेम पाहण्याची त्याला गरज नसते.

कापडाचं तसं नाही. ब्लेंडरसाठी कापड म्हणजे बिंदूंची जाळी. शेजारचे बिंदू अदृश्य स्प्रिंगांनी जोडलेले असतात. काही स्प्रिंगा ताण सांभाळतात, काही दाब, काही तिरकस ओढ, तर काही घडीचा वाक. प्रत्येक फ्रेमला संगणक प्रत्येक बिंदूची आत्ताची जागा आणि वेग घेतो, त्यावर गुरुत्वाकर्षण, वारा आणि स्प्रिंगांची ओढ लावतो आणि पुढची जागा काढतो. म्हणजे 180व्या फ्रेमचं वस्त्र फक्त 179व्या फ्रेमवरून कळतं, आणि 179वं 178व्यावरून. थेट 180वर नेणारं सूत्र नाही. कॅशेत नोंद नसताना तुम्ही टाइमलाइनवर पहिल्यापासून उडी मारून 180वर गेलात, तर ब्लेंडर मधला प्रवास करत नाही. कापडाचा हिशोब तिथे होतच नाही.

प्लेबॅक अस्थिर होण्याचं मूळ बऱ्याचदा इथेच सापडतं. टाइमलाइनच्या Playback यादीत Frame Dropping निवडलेलं असेल आणि संगणक वेगाला पुरा पडत नसेल, तर तो वेळ गाठण्यासाठी फ्रेम गाळतो. चेंडूच्या ॲनिमेशनला त्याने काही होत नाही. कापडाच्या बाबतीत साखळीची कडीच निघून जाते. म्हणून बेक होईपर्यंत तिथे Play Every Frame ठेवावं, मग चित्र कितीही संथ चालो.

पाहता पाहता ब्लेंडर ज्या फ्रेम मोजतो, त्या तो कॅशेत टिपत जातो, पण ही नोंद कच्ची असते. वस्तुमान, वारा, जाळी यांतलं काही बदललं की ती बाद ठरते. बेक केलेली नोंद पक्की. ती असेपर्यंत कापडाच्या मांडणीतले आकडे करडे होतात, त्यांना हात लावता येत नाही. पुष्कळांना हे अडचणीचं वाटतं, पण त्या कुलपामुळेच 212वी फ्रेम आज जशी दिसते तशीच उद्याही दिसते.

वस्त्राची मांडणी

आता गुढीचं काम क्रमाने पाहू. ब्लेंडरमध्ये एक एकक म्हणजे एक मीटर, आणि कापडाचे सगळे आकडे याच मापात असतात. म्हणून वस्तू खऱ्या मापाची करावी. मोठी-लहान करण्यासाठी ती ओढली असेल, तर Ctrl+A दाबून Scale पक्कं करावं.

माझं वस्त्र एक मीटर रुंद, एक मीटर वीस सेंटिमीटर लांब. जाळीची घरं दोन सेंटिमीटरची, म्हणजे आडवे 51 आणि उभे 61, एकूण 3111 बिंदू. जाळी आणखी बारीक केली तर घड्या सुंदर पडतात, पण वेळ वाढतो आणि कापडाचा स्वभावही बदलतो. याचं कारण असं, की Vertex Mass मधलं वजन संपूर्ण कापडाचं नसून प्रत्येक बिंदूचं असतं. बिंदू चौपट झाले की कापड चौपट जड होतं. त्यामुळे जाळी किती बारीक हवी ते आधी ठरवावं आणि बाकीचे आकडे मग बसवावेत. दिसायला मऊपणा हवा असेल तर Subdivision हा मॉडिफायर कापडाच्या नंतर लावावा. तो फक्त मोजून झालेल्या जाळीला गुळगुळीत करतो, हिशोबात ढवळाढवळ करत नाही.

रेशमासाठी तयार संच मिळतो, त्याचं नाव Silk. त्यात बिंदूचं वजन सुती कापडाच्या निम्मं असतं आणि वाकण्याला विरोध फार कमी.

गुढीचं वस्त्र वरच्या टोकाला चुण्या घालून बांधतात. त्यासाठी वरच्या ओळीतल्या 51 बिंदूंचा गट करून तो Pin Group म्हणून नेमला. नेमलेले बिंदू वाऱ्याने हलत नाहीत, तुम्ही न्याल तिथेच जातात. मग एक शेप की केली. तिच्यात ही ओळ नागमोडी दुमडून एक मीटरऐवजी 25 सेंटिमीटरांत बसवली. दहा घड्या, प्रत्येक घडी दहा सेंटिमीटर कापडाची. पहिल्या फ्रेमला शेप कीचं मूल्य शून्य, 60व्या फ्रेमला एक. म्हणजे वस्त्र आधी सपाट टांगलेलं असतं आणि कुणीतरी हाताने चुण्या गोळा कराव्यात तसं ते साठ फ्रेममध्ये आवळलं जातं. खालचं कापड आपोआप त्या चुण्यांच्या ओघाने पडतं. पुढच्या चाळीस फ्रेम त्याला स्थिर व्हायला दिल्या, आणि वारा हळूहळू सुरू केला तोही याच काळात.

खरं दृश्य 101व्या फ्रेमला सुरू होतं आणि 340व्याला संपतं. एका सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे 240 फ्रेमची बरोबर दहा सेकंदं. पहिल्या शंभर फ्रेम प्रेक्षकाला दिसत नाहीत, पण त्यांच्याशिवाय 101वी फ्रेम जन्मालाच येत नाही. रेंडर मधून सुरू होतो म्हणूनही बेक करणं इथे भाग पडतं.

वस्त्र कुठे बिघडतं

पहिला बिघाड काठीशी होतो. काठीला Collision लावल्याशिवाय कापडाला ती जाणवतच नाही. लावल्यावरही सुरुवातीला कापड आणि काठी एकमेकांत घुसलेली नसावीत. पहिल्या फ्रेमलाच ती घुसलेली असली, तर संगणक त्यांना एका झटक्यात वेगळं करायला जातो आणि कापड फाटल्यासारखं चहूकडे उडतं. पहिल्या दोन-तीन फ्रेममध्येच कापड उसळलं तर दोष वाऱ्यात शोधू नये, हे अंतर पाहावं. मी दोघांत सहा सेंटिमीटर मोकळे ठेवले होते.

दुसरा बिघाड म्हणजे कापड काठीच्या आरपार जाणं. काठी जेमतेम चार सेंटिमीटर जाड. जोरदार झुळकीने कापडाचा एखादा बिंदू एका टप्प्यात त्याहून जास्त अंतर कापू शकतो. मग आधीच्या टप्प्यात तो काठीच्या पुढे असतो, नंतरच्या टप्प्यात मागे, आणि मधली टक्कर हिशोबात येतच नाही. Quality Steps हा आकडा एका फ्रेमचे किती टप्पे करायचे ते सांगतो. तो मुळात 5 असतो. मी 12 केला आणि आरपार जाणं थांबलं. वेळ मात्र साधारण त्याच प्रमाणात वाढतो, म्हणून तो आंधळेपणाने शंभरावर नेण्यात अर्थ नाही.

इतके मोजके टप्पे पुरतात यामागे जुनं संशोधन आहे. डेव्हिड बॅरफ आणि अँड्र्यू विटकिन यांनी 1998 साली कापडाच्या गणितावर एक निबंध मांडला. आत्ताच्या ओढीवरून पुढे धाव घेण्याऐवजी पुढच्या क्षणी जी ओढ असेल तिच्याशी जुळणारी जागा सोडवून काढायची, असा त्यातला मार्ग होता. त्यामुळे ताठ स्प्रिंगा असूनही मोठ्या टप्प्यांत कापड फुटत नाही. ब्लेंडरचं कापडही याच जातीच्या पद्धतीने मोजलं जातं. तरी टकरींचा प्रश्न वेगळाच राहतो, आणि टप्पे वाढवावे लागतात ते मुख्यतः त्यासाठी.

तिसरा बिघाड सगळ्यात फसवा. चुण्यांमध्ये कापड स्वतःच्याच अंगातून जाऊ नये म्हणून Self Collisions चालू करावं लागतं. चालू केलं आणि वरच्या दोन-तीन ओळी अखंड थरथरू लागल्या. वाऱ्याचा जोर शून्य करून पाहिला तरी थरथर तशीच, म्हणजे दोष वाऱ्याचा नव्हता. तिथे कापडाच्या दोन भागांत राखायचं अंतर मुळात 0.015 असतं, म्हणजे दीड सेंटिमीटर. माझ्या प्रत्येक घडीत दहा सेंटिमीटर कापड अडीच सेंटिमीटर पुढे सरकतं. घडीच्या टोकाला, दुमडीच्या दोन बाजूंचे पहिले बिंदू घेतले, तर प्रत्येक बाजू अर्धा सेंटिमीटर पुढे गेलेली असते. म्हणजे त्या दोन बिंदूंत अंतर एकच सेंटिमीटर. संगणक त्यांना दीड सेंटिमीटर दूर ढकलू पाहत होता, आणि खिळलेले असल्यामुळे ते हलू शकत नव्हते. हा तंटा खालच्या ओळींना झटके देत होता. अंतर 0.005 केलं आणि थरथर गेली. असे बिंदू आपसातल्या टकरीतून वगळण्यासाठी वेगळा गट नेमण्याचीही सोय आहे, पण आधी माप तपासावं.

पाकळ्यांचा पाऊस

गुढीच्या वर, चौकटीबाहेर, जमिनीपासून तीन मीटरवर एक आडवा पत्रा ठेवला आणि त्यावर कणांची यंत्रणा लावली. कण म्हणजे नुसते बिंदू. Render As मध्ये पाकळ्यांचा संग्रह दिला, की प्रत्येक बिंदूच्या जागी एक पाकळी येते. 400 पाकळ्या, 90व्या फ्रेमपासून 300व्यापर्यंत.

कणाचं आयुष्य आपोआप 50 फ्रेमचं असतं. ते तसंच ठेवलं तर जमिनीवर पडलेल्या पाकळ्या दोन सेकंदांच्या आसपास डोळ्यांदेखत नाहीशा होऊ लागतात. दृश्य संपेपर्यंत त्या राहायला हव्यात, म्हणून Lifetime 250 केलं. जमिनीलाही Collision लावलं, नाहीतर पाकळ्या खाली बुडून जातात.

मग पडण्याचा वेग. तीन मीटरांवरून गुरुत्वाकर्षणाने पडणारी वस्तू पाऊण सेकंदात जमिनीवर येते, म्हणजे जेमतेम वीस फ्रेम. पाकळी अशी पडली तर खडा पडल्यासारखी दिसते. कणांच्या Field Weights मध्ये गुरुत्वाकर्षण 1 वरून 0.2 वर आणलं. आता तेच अंतर कापायला चाळीसच्या वर फ्रेम लागतात. हवेचा अडथळा म्हणून थोडा Drag आणि प्रत्येक पाकळीला वेगळं गिरकणं दिलं.

तेवढ्यात पाकळ्या एका बाजूला वाहून चौकटीबाहेर गेल्या. वस्त्र हलवण्यासाठी वाऱ्याला काहीशे इतका जोर द्यावा लागला होता, आणि तोच वारा पाकळ्यांनाही लागत होता. उपाय त्याच Field Weights मध्ये आहे. पाकळ्यांसाठी वाऱ्याचं वजन 0.05 केलं. वारा एकच, पण प्रत्येकाला तो किती लागावा हे वेगळं ठरवता येतं.

काही पाकळ्या वस्त्रावर आपटून घसराव्यात असं मला वाटत होतं. त्यासाठी वस्त्रालाही Collision लावलं आणि मॉडिफायरांच्या यादीत ते कापडाच्या खाली ठेवलं, म्हणजे पाकळ्या हलत्या वस्त्राला आदळतात, मूळ सपाट चादरीला नाही. हा संबंध एकतर्फी आहे. पाकळी वस्त्रावरून उडते, वस्त्राला मात्र तिचा धक्का लागत नाही. पाकळ्यांची वाट अशी वस्त्रावर अवलंबून झाली, की बेक करण्याचा क्रमही ठरला: आधी वस्त्र, मग पाकळ्या.

वही पक्की करताना

बेक करण्याआधी फाईल सेव्ह करावी. मग कापडाच्या Cache विभागात सुरुवात 1, शेवट 340. कणांच्या Cache विभागात तेच. दोन्ही ठिकाणी डोळ्यांनी वाचून खात्री करावी. आधी सांगितलेली माझी रात्र इथेच वाया गेली होती.

नोंद कुठे ठेवायची याचे दोन पर्याय आहेत. एक म्हणजे ती .blend फाईलमध्येच राहते. काम लहान असेल तर हे सोयीचं. आपल्या वस्त्राच्याच 3111 बिंदूंच्या 340 फ्रेम, म्हणजे साडेदहा लाख बिंदूनोंदी झाल्या. हे फाईलमध्ये सहज मावतं, पण जाळी दहापट बारीक असती तर फाईल उघडणंही जड गेलं असतं. दुसरा पर्याय Disk Cache. यात फाईलशेजारी एक फोल्डर तयार होतं. फाईलचं नाव gudhi.blend असेल, तर फोल्डरचं नाव blendcache_gudhi, आणि आत दर फ्रेमची .bphys फाईल.

या दुसऱ्या पर्यायात एक खाच आहे. फोल्डर फाईलच्या नावाशी बांधलेलं असतं. बेक झाल्यावर तुम्ही Save As करून gudhi_final.blend केलंत, तर ब्लेंडर blendcache_gudhi_final शोधतो. ते नसतं, म्हणून नोंद हरवल्यासारखी दिसते. जुनं फोल्डर नव्या नावाने नक्कल करून ठेवलं की काम होतं. फाईल दुसऱ्या संगणकावर नेताना फोल्डर सोबत न्यायचं, हेही त्याचमुळे.

मग कापडाच्या विभागात Bake, ते संपल्यावर कणांच्या विभागात Bake. सगळं एकदम करायला Bake All Dynamics हे बटण आहे. पण पहिल्या खेपेला मी एकेक करतो, म्हणजे बिघाड कुठला ते कळतं. टाइमलाइनच्या तळाशी रंगीत पट्टी येते. ती पहिल्या फ्रेमपासून 340व्यापर्यंत सलग हवी. मध्ये खंड दिसला, तर बेक अर्धवट राहिला आहे.

बेक झाल्यावर जाळीचे बिंदू कमी-जास्त करू नयेत. नोंद बिंदूंच्या क्रमांकाने लिहिलेली असते. 1200व्या बिंदूची जागा भलत्याच बिंदूला मिळाली तर वस्त्र चुरगळून जातं. बदल हवाच असेल तर Delete Bake करावं, बदल करावा आणि पुन्हा बेक करावं. एखाद्या फ्रेमला कापडाचा बारीकसा कोपरा काठीत घुसलेला दिसला, तर मात्र सगळं पुसायची गरज नाही. कापडाच्या नंतर लावलेल्या मॉडिफायरने तेवढा भाग सरकवता येतो, कारण तो नोंद वाचून झाल्यावर काम करतो.

आता रेंडर कुठूनही सुरू करता येतो. टर्मिनलमधून लावायचा झाला तर:

```
blender -b gudhi.blend -s 101 -e 340 -a
```

दोन संगणक असतील तर एकाला 101 ते 220 द्यावं, दुसऱ्याला 221 ते 340. बेक नसता तर दुसऱ्या संगणकाला 221व्या फ्रेमच्या वस्त्राचा पत्ताच लागला नसता. आता दोघे एकच वही वाचतात, म्हणून जोडावर वस्त्र उडी मारत नाही.

बेक कापडाचा हिशोब वाचवतो, चित्र काढण्याचं काम वाचवत नाही. चारशे पाकळ्या आणि मऊ केलेलं वस्त्र दाखवताना प्लेबॅक तरीही संथ वाटू शकतो. तेव्हा कणांच्या Viewport Display मध्ये फक्त दहा टक्के पाकळ्या दाखवाव्यात. रेंडरमध्ये त्या पूर्णच येतात. आणि आता Frame Dropping लावलं तरी धोका नाही, कारण गाळलेली फ्रेम वहीत लिहिलेलीच असते.

रेंडर लावण्याआधी मी एक चाचणी करतो, तुम्हीही करा. पहिल्या फ्रेमपासून चालवत 212व्या फ्रेमवर थांबा आणि वस्त्राची खालची कडा नीट पाहा. मग 340वर जा आणि तिथून थेट 212वर उडी मारा. कडा तिथेच असली तर वही पक्की आहे. शेवटी 339 आणि 340 या दोन फ्रेम मागे-पुढे करून पाहा. वस्त्र आणि पाकळ्या दोन्ही हलत असतील, तर रेंडर लावून निश्चिंत झोपा.